दोन नंबरांनी मोठी झालेली शाळा

मी एकदा एक अख्खी शाळा कागदावर मोठी करून ठेवली. पाचवीच्या पोरांना सातवीचं अंग दिलं, सातवीच्यांना नववीचं, आणि दहावीच्या मुलांना तर थेट पोलीस भरतीला उभं राहता येईल एवढी छाती दिली. हे सगळं सांगलीत, विश्रामबागेतल्या माझ्या स्वयंपाकघरात, चहाचा कप शेजारी ठेवून, अत्यंत समाधानाने केलं.

तेव्हा मी पन्नाशी ओलांडलेली होते, म्हणजे आत्ताच्या मानाने पोरगीच. नातवंडं मला विचारतात, आजी तू लहानपणी वेडेपणा करायचीस का? मी सांगते, लहानपणी फार नाही केला. बावन्नाव्या वर्षी केला.

घराच्या मागच्या दोन खोल्यांत माझा शिवणक्लास होता. शिकून तयार झालेल्या सातआठ जणी तिथेच काम करायच्या. फॉल-पिको, ब्लाउज, कधी नव्या बाळाची झबली. त्या कामाची गंमत अशी की लग्नसराईत मान वर करायला वेळ नाही आणि आषाढापासून दिवाळीपर्यंत मशिनींवर चादरी घालून ठेवायच्या. त्या सातआठ घरांत त्या महिन्यांत काय शिजत असेल ते मला माहीत होतं. म्हणून वर्षाचं ठरलेलं काम मिळावं अशी माझी फार इच्छा होती.

ते काम आलं रहिमतपूरकडून. माझं माहेर त्या बाजूचं. माझ्याबरोबर एका बाकावर बसलेली मैत्रीण तिथल्या एका शाळेची मुख्याध्यापिका झाली होती. तिचा फोन आला की शाळेचा गणवेश बदलतोय, पाचवी ते दहावी, सगळ्यांना नवीन. समितीला तीन कोटेशनं लागतात. दरवर्षी साताऱ्याचा एक दुकानदार ऑर्डर घेऊन जातो, यंदा तुझंही येऊ दे. आणि वर म्हणाली, "मी मध्ये पडणार नाही हां. पाकीट सगळ्यांसमोर फुटेल." मैत्रीण असली तरी ती बाकावरही उत्तरं दाखवायची नाही.

मागणीपत्रासोबत कापडाचे दोन तुकडे पिना लावून आले. निळ्या बारीक चौकडीचं शर्टिंग आणि गडद निळं पँटीचं कापड. मुलांना हाफ शर्ट आणि पँट, मुलींना त्याच चौकडीचा कुर्ता आणि निळी सलवार. दर कापडासह द्यायचे, शिलाई वेगळी दाखवायची, आणि माल शाळा उघडण्याआधी पोचलाच पाहिजे. त्या वाक्याखाली रेघ मारलेली होती. तारखेला माल आला नाही तर ऑर्डर रद्द, आलेला मालही परत.

मापं शाळेचे पीटीचे सर घेणार होते. हे सर म्हणजे पलटणीतून निवृत्त होऊन आलेले गृहस्थ. त्यांनी दोन दिवसांत सगळ्या शाळेच्या छात्या मोजल्या आणि यादीचे फोटो मोबाईलवर पाठवले. अक्षर असं की प्रत्येक आकडा सावधान उभा. शर्टाचे नंबर अठ्ठावीसपासून अडतीसपर्यंत होते.

आता इथे थोडं सांगायला हवं. शर्टाचा नंबर म्हणजे छातीचं माप. तीस नंबरचा शर्ट तीस इंच छातीच्या मुलाला बसतो, पण शिवलेला शर्ट मोजला तर तो चौतीसच्या आसपास भरतो, कारण हात हलवायला, श्वास घ्यायला लागणारी ढिलाई त्यात धरलेलीच असते. शिवाय टाचणीपलीकडे, टिपेच्या आत, आम्ही बोटभर कापड राखून ठेवतो. त्याला आमच्यात माया म्हणतात. पुढे उसवून वाढवायला ती उपयोगी पडते. म्हणजे शर्टात माया होतीच. जिथे ठेवायची तिथे होती.

पण मी ती यादी पाहिली आणि मला माझी आई आठवली. आमच्या लहानपणी अंगाबरोबर शिवलेला कपडा म्हणजे उधळेपणा. फ्रॉक पहिल्या वर्षी पायघोळ, दुसऱ्या वर्षी बेताचा आणि तिसऱ्या वर्षी धाकट्या बहिणीचा. शिंप्याला आई एकच शब्द सांगायची, वाढत्या अंगाचा. मी विचार केला, मापं घेतली मार्चमध्ये, कपडे घालणार जूनमध्ये. मधल्या सुट्टीत ही पोरं आजोळी जाणार, आंबे खाणार, विहिरीत पोहणार. अंगाला लागणार. मग मी पेन घेतलं आणि प्रत्येक नंबर एकाने चढवला. अठ्ठावीसचा तीस, तीसचा बत्तीस, असं करत अडतीसचे चाळीस. शाळेला विचारावं असं मला एकदाही वाटलं नाही. त्यांनाही हेच हवं असणार याची मला खात्री होती. मला तेव्हा बऱ्याच गोष्टींची खात्री असायची.

सून संध्याकाळी बँकेतून आली आणि कोटेशन टाईप करायला बसली. तिने कॉम्प्युटरवर छान तक्ता काढला. नंबर, नग, नगाला लागणारं कापड, शिलाई, एकूण. जीएसटीचं काय, म्हणाली. आपला बायकांचा गट लहान आहे, नोंदणी नाही, तसं लिही, म्हटलं. मग तिने विचारलं की शिलाई प्रत्येक नंबराला किती? बाजारात ती चढत जाते. लहान नंबराला एक दर, पुढे प्रत्येक नंबराला पाचसात रुपये जास्त. कापडही तसंच. लहान शर्टाला सव्वा मीटर लागलं तर मोठ्याला पावणेदोन लागतं.

मी तिला सांगितलं, सगळ्यांना एकच दर. शर्टाची शिलाई ऐंशी, पँटची सव्वाशे, कापड मधल्या नंबराचं धरून. ती म्हणाली, "आई, मधला नंबर कुठला धरायचा? मोठे जास्त असले तर तुम्ही बुडाल." मी म्हटलं, लहान-मोठं करायला आपण काय दुकानदार आहोत का, शाळेत सगळी पोरं सारखी. सुनेने माझ्याकडे पाहिलं, मग स्क्रीनकडे पाहिलं, आणि तिने तो तक्ता पुसून एक ओळ लिहिली. गरीब बिचारी. सासू भाषणाच्या सुरात आली की ती मुकाट टाईप करते, हे आमच्या घरात अजून चालतं.

मधला नंबर मी धरला तो सरांच्या यादीतला, आणि शिवायला घेणार होते माझ्या चढवलेल्या यादीप्रमाणे. हे दोन कागद एकाच टेबलावर होते. मी दोन्हींवर चहाचा कप ठेवला होता.

पाकिटं फुटली त्या दिवशी मी गेले होते. समितीचे अध्यक्ष उसाचे बागायतदार होते, पांढरी टोपी, सावकाश बोलणारे. साताऱ्याच्या दुकानदाराचं कोटेशन दोन पानी, नंबरागणिक दर. माझं अर्ध्या पानात संपलेलं. अध्यक्षांनी चष्मा वर केला आणि म्हणाले, "आवं ताई, पाचवीचं पोरगं आन धावीचं पोरगं, दोघंबी एकाच रेटात? तुमाला परवडंल का?"

मी उभी राहिले आणि समतेवर बोलले. काय बोलले ते आता सांगवत नाही. मुख्याध्यापिका खिडकीबाहेर पाहत होती. मी नमुन्याचा शर्ट आणला होता तो मात्र सगळ्यांना आवडला. आदल्या आठवड्यात तिथल्याच एका मुलाचं माप मी स्वतः टेप लावून घेतलं होतं आणि त्यावर तो बेतला होता. अंगात घातल्यावर तो मुलगा एखाद्या जाहिरातीतल्यासारखा दिसला. नमुना पास झाला, ऑर्डर मिळाली. अध्यक्ष निघताना एवढंच म्हणाले की तारीख तेवढी पाळा, समदी शाळा एकसारखी दिसाय पायजे.

विश्रामबागेत परतले तेव्हा आमच्या बायकांनी पेढे आणून ठेवले होते. कटिंग करणारी आमची बाई, कात्री धारदार आणि जीभ त्याहून धारदार, तिने विचारलं की लग्नाचे ब्लाउज आता घ्यायचे का नाही? ऐन सराई होती. मी म्हटलं, नाही. शाळेचं काम चांगलं झालं तर दरवर्षी मिळेल, शिवाय त्या संस्थेच्या आणखी शाळा आहेत. बायकांनी आपसात पाहिलं आणि हो म्हणाल्या. ठरलेली गिऱ्हाइकं परत गेली, ती शेजारच्या गल्लीत गेली. आता ही ऑर्डर फिरली असती तर त्यांची सराईही गेली आणि शाळाही गेली, असं होतं. ते मी माझ्या तोंडाने घडवून आणलं होतं.

इचलकरंजीहून तागे आले. कटिंग सुरू झालं, लहान नंबराकडून मोठ्याकडे. प्रत्येक शर्टाला मुलाचं नाव आणि वर्ग लिहिलेली चिठ्ठी टाचत होतो. मे महिनाभर त्या दोन खोल्यांत चौकडीशिवाय काही दिसत नव्हतं. डोळे मिटले तरी चौकडीच. एक जण म्हणाली, नवऱ्याने घातलेली लुंगी चौकडीची निघाली आणि मला कात्री घ्यावीशी वाटली.

मे संपताना कटिंगवाली माझ्याकडे आली आणि म्हणाली, "बाई, कापड सरत आलंय. चाळीस नंबर अजून एकबी बेतला न्हाई." मी म्हटलं, असं कसं, हिशेबाने आणलंय. ती म्हणाली, "हिशेब मला ठावं न्हाई. पर ह्या गावची पोरं लय दांडगी हायत. आटवीतलं पोरगं छत्तीस?" आणि पुढे हसत म्हणाली, काय पाणी पितात तिकडं.

मी हसले नाही. व्यापाऱ्याला फोन केला. तो म्हणाला की तो लॉट संपला, दुसरा देतो, पण रंगात किंचित फरक पडेल. चौकडीत किंचित फरक म्हणजे प्रार्थनेला उभ्या शाळेत दोन शाळा दिसणार. त्या रात्री मी सरांची यादी आणि माझी यादी शेजारी ठेवून पाहिली. कापड का संपलं ते कळलं. पण त्याहून वाईट काही असेल असं अजूनही वाटलं नव्हतं. एक नंबर मोठा, एवढंच ना. आया खूषच होतील, अशी मी माझी समजूत घातली.

शाळा उघडायला आठवडा राहिला असताना तयार गठ्ठे घेऊन मी टेम्पोतून रहिमतपूरला गेले. शाळेत शिक्षक आलेले होते, मुलं नव्हती. सरांनी शेजारच्या वस्तीतून सहावीतल्या दोघांना बोलावलं. त्यांच्या नावाचे शर्ट काढले. पहिल्याने घातला, आणि तो शर्टात गेला तो गेलाच. बाह्या कोपराखाली, खांदे दंडावर, खालची कड गुडघ्याला विचारत होती. दुसऱ्याने स्वतःला पाहिलं आणि हात पसरून वटवाघळासारखा एक फेरा मारला. मुख्याध्यापिकेने दोघांना बिस्किटं देऊन बाहेर पाठवलं आणि दार लावलं.

एका नंबराने एवढं होत नाही, हे मला शिवणकामातलं कळत असल्यामुळे कळलं. मी सरांना विचारलं, माप अंगावरचंच लिहिलं होतं ना?

सर उभेच होते. म्हणाले, "न्हाई मॅडम. आया लय मागं लागल्या. फाटकापशी उभ्या राहून म्हनायच्या, सर, वाढत्या अंगाचं घ्या. मग मी समद्यांना एक एक नंबर चढवून दिला. सरसकट. कुणावर अन्याव नको."

मग माझी पाळी होती. मी सांगितलं की त्यावर एक मीही चढवला, सरसकट. सरांनी आधी ऐकलं, मग त्यांच्या मिशा हलल्या. हसावं की नाही याची त्यांना परवानगी हवी होती, म्हणून त्यांनी मुख्याध्यापिकेकडे पाहिलं. ती हसत नव्हती. ती टेबलावरचं मागणीपत्र वाचत होती, तारखेखालची रेघ. समितीपुढे तिचाही शब्द अडकला होता; मध्ये पडणार नाही म्हणाली होती, पण कोटेशन मागवताना माझ्या नावाला विरोध झाला तेव्हा ती एकटी बोलली होती, हे मला त्या दिवशी सरांकडून कळलं.

मी सांगून टाकलं की सगळं उसवून पुन्हा शिवायला वेळ नाही आणि कापडही नाही. अध्यक्षांना आजच कळवा. साताऱ्याच्या दुकानदाराकडे तयार माल असेल तर बघा. हे बोलताना मला मशिनीवर वाकलेल्या सातआठ माना दिसत होत्या. त्यांना घरी जाऊन काय सांगायचं ते सुचत नव्हतं.

तेव्हा सरांनी खुर्ची ओढली. पहिल्यांदाच बसले. म्हणाले, "मॅडम, पलटणीत कपडे नावानं मिळत न्हाईत. स्टोअरवाला म्हनतो, जे हाय ते घे आन बाहेर जाऊन बदलून घे. निम्मी बराक निम्म्या बराकीत आपली पॅंट हुडकत फिरती. पर सांजच्या परेडला समदे बरोबर दिसत्यात."

मुख्याध्यापिका म्हणाली, "म्हणजे?"

"म्हंजे नावाच्या चिठ्ठ्या काढा. हा सहावीचा शर्ट आठवीला बसतोय न्हवं? मग आठवीला द्या. एक डाव खरं माप घेऊ, नंबराप्रमानं वाटू."

मला उठून त्यांच्या पाया पडावंसं वाटलं, पण मी वयाने मोठी होते. कागद घेतला. दोन नंबर चढलेले म्हणजे आमच्याकडे तीसपासून अडतीसपर्यंत तयार. शाळेला खरे लागणारे सव्वीसपासून छत्तीसपर्यंत. मधले बहुतेक वाटून जातील. लहान कमी पडतील आणि मोठे उरतील. चाळीसचे जे बेतायचे राहिले होते, तेवढे नग उरल्यासुरल्या कापडात लहान करून भागतील. मोठे उसवले तर एका शर्टाच्या पाठीत आणि पुढच्या भागात लहान शर्टाचे भाग आरामात निघतात, आणि रंग तोच, लॉट तोच. मुलींच्या कुर्त्यांचंही तसंच. पँटींना कंबरेत आणि पायाशी घ्यायचं होतं. सलवारींनी मात्र कुणालाच त्रास दिला नाही. नाडीला नंबर नसतो.

सरांनी दुसऱ्या दिवशी वस्त्यांवर निरोप धाडले आणि सुट्टीतल्या पोरांना मैदानात उभं केलं. वर्गाप्रमाणे नाही, छातीप्रमाणे. टेप या वेळी मी धरली आणि आकडा मी स्वतः मोठ्याने म्हणत होते. फाटकाशी चार आया होत्याच. त्यातली एक म्हणाली, ताई, जरा सैल धरा की. मी न ऐकल्यासारखं केलं. आयुष्यात एवढी कठोर मी माझ्या मुलांशीही झाले नव्हते.

सांगलीत बायकांना सगळं खरं सांगितलं. मग कटिंगवालीने मोठ्या शर्टांचा गठ्ठा पुढ्यात ओढला, उसवणीची पाती काढली आणि म्हणाली, "तरी म्हनलं, पानी कसलं पित्यात." तिथून खोलीत हसू पसरलं आणि काम सुरू झालं. उसवायला घरच्यांनाही बसवलं. सून रजा काढून बसली. तिने तक्त्याबद्दल एक शब्द काढला नाही, हे मी विसरलेले नाही.

शाळा उघडायच्या आदल्या दिवशी टेम्पो रहिमतपूरला लागला. अध्यक्षांनी पाहून घेतलं, मोजून घेतलं आणि पोचपावतीवर सही केली. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम थांबले. प्रार्थनेला सगळी शाळा उभी राहिली, एकाच चौकडीत. खांदे खांद्यांवर होते. मला त्यात काही चुकलेलं शोधायचं होतं आणि सापडलं नाही. सरांनी मैदानाच्या टोकावरून मला चक्क सॅल्यूट केला.

सुटल्यावर एका आईने गाठलं. तिच्या मुलाचा शर्ट नीट बसला होता, त्याबद्दलच तक्रार होती. म्हणाली, हे तर अंगाबरोबरच शिवलंय, पुढल्या वर्षी कसं जाईल? मी तिला टिपेच्या आतली माया उलगडून दाखवली. तिने बोटाने ती मोजली, आणखी एकदा मोजली, आणि तिला ती कमीच वाटली.

ऑफिसात मुख्याध्यापिका कपाटाला कुलूप लावत होती. मी तिला म्हटलं की एकच दर लावल्यामुळे मला काही उरलं नाही, बायकांना त्यांची शिलाई दिली, पण उसवणीचं काही देता आलं नाही. आता पुढच्या वर्षी मी कोटेशन द्यावं की नाही तेच कळत नाही. तिने किल्ली पर्समध्ये टाकली आणि शाळेत असताना मी गणित चुकले की माझ्याकडे जशी पाहायची तशी पाहिलं.

म्हणाली, "न द्यायला काय झालं तुला? नंबरागणिक दर लावून आण. आणि शिलाई वाढवून लिही गं, तुझ्या बायका काय श्रमदानाला बसतात का?"